औषधाच्या खिडकीतला चौथा माणूस

सरकारी रुग्णालयातल्या औषध वाटपाच्या खिडकीची नोंदवही दुपारी पाहिली तर तिच्यात तक्रारीला जागा नसते. सकाळपासून चारशे केसपेपर आले, चारशे जणांना औषधे मिळाली, शिल्लक शून्य. शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी असते, सोनोग्राफीला पुढची तारीख मिळते. औषधाच्या खिडकीला मात्र 'उद्या या' असे सहसा म्हणता येत नाही. म्हणून आणखी एक औषधनिर्माण अधिकारी, म्हणजे आपण ज्याला फार्मासिस्ट म्हणतो तो, द्यावा असा प्रस्ताव वर गेला की एक साधा शेरा मारून तो परत येतो: उपलब्ध मनुष्यबळात काम सुरळीत चालू आहे.

हा शेरा मारणाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर खरोखरच सगळे सुरळीत असते. अडचण अशी की खिडकीवर माणसे कमी पडली तर काम शिल्लक राहत नाही, ते आतून झिजते. गोळ्या हातात पडतात. त्या कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, जुनी पट्टी बंद करायची की चालू ठेवायची, हे सांगायचे राहून जाते. जे सांगितले गेले नाही त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. त्यामुळे 'कामाचा ताण फार आहे' अशा वाक्यांनी भरलेला प्रस्ताव टिकत नाही. झीज किती झाली हे मोजून दाखवावे लागते. ते कसे मोजायचे आणि माणूस न नेमण्याची किंमत कशी काढायची, हे एका उदाहरणावरून पाहू.

या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत आहे. १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली, २०१० मध्ये सुधारली गेली. तिच्यामागचा विचार शाळकरी गणितासारखा आहे. वर्षभरात एका कर्मचाऱ्याच्या हाताशी कामाचा वेळ किती, एका रुग्णासाठी नीट काम करायला वेळ किती लागतो आणि वर्षात असे रुग्ण किती, या तीन आकड्यांवरून किती माणसे हवीत हे निघते. खाटांची संख्या या हिशेबात कुठेच येत नाही, आणि तेच महत्त्वाचे आहे. आपल्याकडे तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पन्नास किंवा शंभर खाटांचे उपजिल्हा रुग्णालय अशी वर्गवारी आहे आणि मंजूर पदे बहुतांशी त्या खाटांना बांधलेली असतात. औषधाच्या खिडकीवर मात्र खाटेवरचा रुग्ण येत नाही, बाह्यरुग्ण विभागातला येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच होता. पण अशा निर्णयासोबत खिडकीच्या आतली माणसे आपोआप वाढत नाहीत.

हिशेबासाठी एक रुग्णालय कागदावर उभे करू. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. आपापल्या रुग्णालयाचे आकडे त्या जागी कुणालाही घालता येतील. बाह्यरुग्ण विभाग वर्षाला २९० दिवस चालतो. रोज ४०० रुग्ण खिडकीवर येतात. त्यांपैकी ३०० जण सर्दी, ताप, अंगदुखी, खरूज अशा तात्पुरत्या आजारांचे आणि १०० जण मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार अशा कायमच्या आजारांचे. मंजूर पदे तीन आणि तिन्ही भरलेली. हे तिसरे गृहीत जरा उदार आहे, पण असो.

आधी वेळ काढू. २९० दिवसांतून किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपण, प्रशिक्षण, जिल्ह्याच्या भांडारातून औषधे आणायला जाणे हे सगळे वजा केले तर एक माणूस साधारण २५० दिवस खिडकीपाशी उपलब्ध असतो असे धरू. रोजचे प्रत्यक्ष कामाचे सात तास. त्यातले दीड तास वॉर्डांची मागणी भरणे, साठा मोजणे, मुदत पाहणे, संगणकावर ई-औषधी प्रणालीत नोंदी करणे आणि अहवाल यांत जातात. राहिले साडेपाच तास. साडेपाच तास गुणिले २५० दिवस म्हणजे वर्षाला १,३७५ तास, मिनिटांत ८२,५००. एका फार्मासिस्टकडे रुग्णासाठी असलेली ही वर्षाची पुंजी.

आता काम. तात्पुरत्या आजाराच्या रुग्णाला दोन मिनिटे पुरतात: केसपेपर वाचणे, दोन-तीन औषधे काढणे, पाकिटावर वेळा लिहिणे, एकदा सांगणे. कायमच्या आजाराच्या रुग्णाला पाच मिनिटे लागतात. त्याची औषधे चार-पाच प्रकारची असतात, महिन्याभराची मोजावी लागतात, मागच्या वेळच्या किती उरल्या हे विचारावे लागते, आणि उरल्या असतील तर का उरल्या हेही. रोजचा हिशेब: ३०० रुग्णांची ६०० मिनिटे, १०० रुग्णांची ५०० मिनिटे, एकूण १,१००. वर्षाची ३ लाख १९ हजार मिनिटे. त्याला ८२,५०० ने भागले की उत्तर येते ३.८७. तीनच्या पुढे ०.३ पर्यंतचा अपूर्णांक असेल तर तिघांनी ओढून न्यावे, त्याहून जास्त असेल तर चार माणसे घ्यावीत, असा या पद्धतीचा संकेत आहे. म्हणजे चौथा माणूस हवा.

या गणितात फसायची एक जागा आहे आणि बरेच प्रस्ताव तिथेच पडतात. रुग्णामागे किती वेळ लागतो हे ठरवताना लोक घड्याळ घेऊन आज किती वेळ दिला जातो ते मोजतात आणि तोच आकडा सूत्रात घालतात. आमच्या कागदावरच्या रुग्णालयात तिघांकडे मिळून वर्षाला २,४७,५०० मिनिटे आहेत आणि रुग्णांच्या खेपा १,१६,०००. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटे आठ सेकंद. हा आजचा वेळ प्रमाण म्हणून धरला तर उत्तर बरोबर तीन येते. ते तसेच येणार, कारण आहेत तेवढ्या माणसांनी आहे तेवढा वेळ वाटून घेतलेला असतो. खिडकीवर एकच माणूस असता तर त्याच पद्धतीने एकच माणूस पुरेसा आहे हेही सिद्ध झाले असते.

उलट बाजूचीही फसगत आहे. पाठ्यपुस्तकातले आदर्श समुपदेशन धरून प्रत्येक रुग्णाला दहा मिनिटे लावली तर चौदा फार्मासिस्ट लागतील आणि फाइल चहाच्या टेबलावर विनोदाचा विषय होईल. म्हणून प्रमाण वेळ ठरवताना नीट काम करणाऱ्या, अनुभवी माणसाला, गर्दी नसताना, त्याच प्रकारच्या रुग्णासाठी किती वेळ लागतो हे पाहावे. दुपारी साडेतीनच्या सुमारास आलेल्या वीस-तीस रुग्णांवर ते मोजता येते. आजचा वेळ मोजायचा तोही मोजावाच, पण तुलनेसाठी. केसपेपर खिडकीत सरकवला की घड्याळ सुरू, रुग्ण खिडकीपासून वळला की बंद. सोमवारी एकदा, मधल्या वारी एकदा, शनिवारी एकदा. सकाळी दहाला आणि दुपारी एकला वेगवेगळे. कुणी शेजारी घड्याळ घेऊन उभे राहिले की माणूस नकळत जास्त नीट काम करू लागतो, म्हणून पहिल्या दिवसाची मोजणी सोडून द्यावी.

आता तूट दिवसाच्या भाषेत मांडू. रोज १,१०० मिनिटांचे काम आहे आणि रजा वगैरे धरून तिघांकडून सरासरी ८५३ मिनिटे मिळतात. कमी पडणारी २४७ मिनिटे, जवळपास चार तास, कुठून कापली जातात? तापाच्या रुग्णाच्या दोन मिनिटांतून फारसे कापता येत नाही, तिथे हात चालवायलाच तेवढा वेळ जातो. कापले जाते ते बोलणे, आणि बोलणे कायमच्या आजाराच्या रुग्णांसाठी असते. त्यांच्या पाच मिनिटांची अडीच होतात. गर्दीच्या वेळी तीही राहत नाहीत.

सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली जाते: रजेचे दिवस. तिघांपैकी प्रत्येकजण २९० पैकी ४० दिवस नसतो. तिघेही हजर असण्याची शक्यता काढली तर ती साधारण ६४ टक्के येते. म्हणजे वर्षातले सुमारे १०४ दिवस खिडकीवर दोघे किंवा त्याहून कमी असतात. चौघे असतील तर तिघांपेक्षा कमी माणसे असण्याचे दिवस सुमारे २७ उरतात. रजा अशा विखुरलेल्या नसतात, दिवाळीत आणि लग्नसराईत त्या एकत्र येतात, हे मान्य. तरी शंभराच्या वर दिवसांचे पंचवीस-तीस दिवस होणे हा फरक रांगेत उभ्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळतो. एक माणूस वाढला की क्षमता एक तृतीयांशाने वाढते, पण वाईट दिवस जवळपास तीन चतुर्थांशाने कमी होतात. प्रस्तावात हा एक आकडा असला तरी पुष्कळ झाले.

आता पैशाकडे येऊ. चौथ्या माणसाचा सर्व मिळून खर्च महिना पन्नास हजार, वर्षाला सहा लाख धरू. १,१६,००० खेपांवर तो वाटला तर एका खेपेमागे पाच रुपये आणि वर काही पैसे. रुग्णालयाबाहेरच्या टपरीवरचा चहा याहून महाग आहे. पण एवढ्याने वित्त विभागाचे समाधान होत नाही, आणि होऊ नये. पाच रुपये स्वस्त वाटतात म्हणून खर्च योग्य ठरत नाही. त्या पाच रुपयांनी काय टळते ते दाखवावे लागते.

बहुतेकांना आधी सुचते ती रांग. समजा माणूस कमी असल्यामुळे प्रत्येक रुग्ण अर्धा तास जास्त उभा राहतो. चारशे जणांचे रोजचे दोनशे तास, म्हणजे आठ तासांचे पंचवीस दिवस. दिवसाची मजुरी तीनशे रुपये धरली तर रोज साडेसात हजार आणि वर्षाला पावणेबावीस लाख. आकडा दिपवणारा आहे, पण तो मी असाच पुढे करणार नाही. रांगेतल्या कितीतरी जणांची त्या दिवशी मजुरी बुडत नाही. कुणी वृद्ध असतात, कुणी तसेही दिवसभरासाठीच तालुक्याला आलेले असतात. चौथाच हिस्सा खरा धरला तरी साडेपाच लाखांच्या आसपास जातो, म्हणजे पगाराइतकाच. या मुद्द्याची खरी कमजोरी वेगळी आहे. हा पैसा रुग्णाच्या खिशातून जातो, शासनाच्या नाही, त्यामुळे अर्थसंकल्पात तो कुठे दिसत नाही. समाजाच्या हिशेबात तो सर्वांत मोठा आहे आणि मंत्रालयातल्या फाइलवर सर्वांत हलका. पण खिशातून जातोच, म्हणून लिहावा.

डॉक्टर म्हणून मला दिसणारी किंमत दुसरीकडे आहे, आणि ती समजावी म्हणून इन्सुलिनचे एकच उदाहरण देतो. सरकारी रुग्णालयात मिळणारी इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते. तिच्यासाठीची सिरिंज वेगळी, तिच्या टोपीचा रंग लाल. पेनमधले इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचे, आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. दोन्ही सिरिंजवर २० चा आकडा आहे आणि दोन्ही औषधाच्या दुकानात शेजारी शेजारी मिळतात. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले. रुग्णाने आमच्या ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर सिरिंजमध्ये ०.२ मिलिलिटर येते, म्हणजे फक्त ८ युनिट. महिनाभर प्रामाणिकपणे टोचूनही शुगर तीनशेच्या खाली येत नाही. मग तपासणीत डोस वाढवला जातो. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या दुकानातून नेमकी लाल टोपीची सिरिंज मिळते, वाढवलेला डोस आता पूर्ण जातो, आणि रुग्ण पहाटे घामाने भिजून बेशुद्ध होतो. उलटी चूक याहून वाईट: १०० युनिटच्या औषधातून लाल टोपीच्या सिरिंजने २० ची खूण गाठली तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात.

हे टाळायला औषध लागत नाही. बाटली आणि सिरिंज रुग्णाच्या हातात देऊन दोन्हींवरचा ४० चा आकडा त्याला वाचायला लावायचा, एकदा त्याच्याकडून भरून घ्यायचे, बाटली कुठे ठेवायची ते सांगायचे, जेवण चुकले तर काय करायचे ते सांगायचे. पहिल्या वेळी दहा मिनिटे, पुढे दर महिन्याला दोन मिनिटे. हे डॉक्टरांनी सांगावे असे कुणी म्हणेल. आम्ही सांगतोही, पण सिरिंज हातात असते ती खिडकीवर, तपासणीच्या खोलीत नाही.

गोळ्यांचेही असेच. सरकारी पुरवठ्यात दर खेपेला कंपनी बदलते, तशी पट्टीचा रंगही. गेल्या महिन्यात लाल पट्टीत मिळालेली शुगरची गोळी या महिन्यात निळ्या पट्टीत येते. कुणी सांगितले नाही तर घरी उरलेली लाल आणि नवी निळी अशा दोन्ही चालू राहतात. ही गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल, रुग्ण सत्तरीचा असेल आणि मूत्रपिंड थोडे मंद असेल तर शुगर खाली जाते आणि साखर देऊनही पुन्हा पुन्हा खाली जात राहते. अशा रुग्णाला निदान एक दिवस दाखल करून पाहावे लागते.

मग असे दाखले किती, हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी उलटा हिशेब करावा. एका दाखल्यामागे रुग्णालयाचा खर्च दहा हजार रुपये धरला तर सहा लाख भरून यायला वर्षाला साठ दाखले टळायला हवेत, महिन्याला पाच. रोजच्या शंभर खेपा आणि महिन्याला एक खेप या हिशेबाने कायमच्या आजाराचे सुमारे २,४०० रुग्ण या रुग्णालयाकडे बांधलेले आहेत. म्हणजे चाळीस रुग्णांमागे वर्षाला एक दाखला टळला तर माणसाचा पगार निघाला. असे होईल का? माझ्या मते यातला मोठा भाग निघेल, कारण शुगर खाली जाणे, औषध बंद पडून रक्तदाब भडकणे, इन्हेलर चुकीचा ओढल्याने दमा उसळणे या दाखल्यांमागे न समजलेली सूचना आम्हाला वारंवार सापडते. पण प्रत्येक दाखला खिडकीच्या माथी मारणे खोटे ठरेल. म्हणून प्रस्तावात 'साठ दाखले टळतील' असे लिहू नये. 'खर्च भरून यायला चाळिसांत एक टळणे पुरेसे आहे' असे लिहावे आणि सोबत गेल्या वर्षीच्या दाखल रुग्णांच्या नोंदींतून औषधाच्या गोंधळामुळे आलेले किती ते मोजून जोडावे. ही मोजणी कुणी करत नाही, पण ती दोन दिवसांचे काम आहे.

शासनाच्या स्वतःच्या खिशातून जाणारी किंमतही आहे. ती मुदतबाह्य औषधांची. आधी मुदत संपणारे औषध आधी वाटायचे हा नियम साधा आहे, पण त्यासाठी दर महिन्याला कुणीतरी कपाटासमोर उभे राहून पेटी पेटी पाहायला हवी. खिडकीवर रांग असताना हे काम सर्वांत आधी मागे पडते. वर्षाला एक कोटीचा साठा हाताळणाऱ्या रुग्णालयात त्यातला एक टक्का मुदतबाह्य झाला तर एक लाख गेले. नेमका आकडा शोधायला लांब जावे लागत नाही, तो निर्लेखनाच्या फाइलमध्ये सहीशिक्क्यासह असतो. फाइलवर सर्वांत जड पडणारा कागद हाच, कारण तो शासनाचाच आहे.

आणि कायदा. १९४८ च्या औषधनिर्माण कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. तिघांपैकी दोघे नसतात त्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर कोण बसते हे प्रत्येक रुग्णालयाला ठाऊक असते. कक्षसेवक चुणचुणीत असतो, पट्ट्यांचे रंग त्याला पाठ असतात; पण रंग पाठ असणे हाच धोका आहे हे वर आलेच.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणूस वाढवण्यापेक्षा खेपा का कमी करत नाही? ज्यांचा रक्तदाब आणि शुगर आटोक्यात आहे त्यांना महिन्याऐवजी दोन महिन्यांची औषधे द्या. मुद्दा बिनतोड आहे आणि गणितातही दिसतो. सर्वच कायमच्या रुग्णांना दोन महिन्यांची औषधे दिली तर त्यांच्या खेपा शंभराच्या पन्नास होतात आणि आपले ३.८७ चे उत्तर २.९९ वर येते. म्हणजे तिघे पुरतात, चौथा नको. निम्मेच रुग्ण आटोक्यात असतील तर मात्र उत्तर ३.४३ राहते आणि चौथा लागतोच. आता आपल्या रुग्णालयात आटोक्यात असलेले किती, हे रक्तदाबाच्या नोंदवहीवरून काढता येते. निम्म्याहून फार जास्त असतील तर पदाची मागणी करू नये, दोन महिन्यांच्या साठ्याची करावी.

व्यवहारात घडते ते बहुधा याच्या उलट. साठा कमी आला की महिन्याऐवजी पंधरा दिवसांची औषधे दिली जातात. त्याच रुग्णाच्या खेपा दुप्पट होतात आणि पुरवठ्याची तूट खिडकीवरच्या गर्दीत रूपांतरित होते. अशा महिन्यांत चार नव्हे, पाच माणसेही अपुरी पडतात. म्हणून प्रस्तावासाठी रुग्णसंख्या घेताना साठा नियमित असलेलेच महिने निवडावेत. नाहीतर भांडारातली टंचाई माणसांच्या टंचाईत मिसळते, आणि हे तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

संगणक वाढवा, माणूस कशाला, असेही म्हटले जाते. नोंदींचा वेळ त्याने वाचेल हे खरे. दीड तासाचा एक तास झाला तरी खिडकीचा वेळ साडेपाचाचा सहा तास होतो आणि उत्तर ३.५४ येते. इन्सुलिन भरून दाखवायला माणूसच लागतो.

नवे कायम पद निर्माण करणे सोपे नाही, आणि नसावेही. एक पद म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची बांधिलकी असते. आकृतिबंध बदलायचा तर फाइल आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे आणि सचिवांच्या समितीपुढे जाते. मधला मार्ग रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून अकरा महिन्यांच्या करारावर माणूस घेण्याचा आहे. मी कंत्राटी नेमणुकांचा चाहता नाही, पण इथे त्या अकरा महिन्यांचा एक उपयोग आहे: दावा तपासता येतो.

त्यासाठी नेमणुकीआधी एक मोजणी करून ठेवावी. औषध घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या कायमच्या आजाराच्या साठ रुग्णांना थांबवून प्रत्येक गोळीबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात: कशासाठी, केव्हा, किती. सगळ्या गोळ्यांची उत्तरे बरोबर देणारे किती निघाले ते लिहून ठेवावे. रुग्णाला स्वतःच्या औषधाचा डोस सांगता येतो का आणि खिडकीवर सरासरी किती वेळ मिळतो, हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्येच औषधवापराच्या निदर्शकांत घातले आहेत, तेव्हा ही मोजणी कुणाच्या मनची म्हणता येणार नाही. मग नव्या माणसाला सरसकट रांगेत न बसवता कायमच्या आजारांची खिडकी वेगळी करून तिथे बसवावे. शंभर रुग्णांची पाचशे मिनिटे एकट्याला जड जातील, म्हणून दुपारी गर्दी ओसरल्यावर दुसऱ्याने हात द्यावा. सहा महिन्यांनी तेच प्रश्न वेगळ्या साठ जणांना विचारावेत, शक्यतो रुग्णालयाबाहेरच्या कुणाकडून. बरोबर उत्तरांचा आकडा ठळकपणे वाढला नसेल तर करार पुढे वाढवायची मागणी करू नये. वाढला असेल तर आधीची आणि नंतरची अशी दोन पाने, निर्लेखनाच्या फाइलची प्रत आणि ३.८७ चा हिशेब एवढेच कायम पदाच्या प्रस्तावाला जोडावे.